घर, डबा आणि टँकर: जीडीपीत काय धरतात, काय सुटतं

प्रश्न: घोडबंदर रोडला आमच्या बिल्डिंगमधला एक जुना फ्लॅट 90 लाखांना विकला गेला. मग देशाचा जीडीपी 90 लाखांनी वाढला का? आणि माझी बायको दिवसभर घरात राबते ते शून्य, पण पोळ्यांना बाई लावली की लगेच वाढ, हे खरं आहे का? तसं असेल तर जीडीपी वाढला म्हणजे आपलं बरं चाललंय असं कसं म्हणायचं?

उत्तर: फ्लॅटपासून सुरू करतो, कारण तिथे जीडीपीचं, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाचं, मूळ सूत्र लगेच दिसतं: त्या वर्षी नव्याने झालेलं उत्पादन तेवढंच मोजायचं.

जुन्या फ्लॅटच्या 90 लाखांतला एकही रुपया उत्पादन म्हणून मोजला जात नाही. ते घर ज्या वर्षी बांधलं, त्या वर्षीच्या हिशोबात ते येऊन गेलं. आता फक्त मालकाचं नाव बदललं. विकणाऱ्याने तो 60 लाखांना घेतला असेल, तर त्याचे सुटलेले 30 लाखही जीडीपीत नाहीत. किंमत चढल्यामुळे झालेला तो धारण-नफा आहे. त्यासाठी कोणी काही नवीन बनवलेलं नाही. प्राप्तिकर खात्याला त्यात रस असतो, राष्ट्रीय लेख्यांना, म्हणजे देशाच्या उत्पादन-उत्पन्नाच्या हिशोबाला, नसतो.

मोजतात ते व्यवहार घडवून आणणाऱ्यांचं काम. एजंटने दोन्ही बाजूंकडून एकेक टक्का घेतला असं धरू, म्हणजे 1 लाख 80 हजार. वकिलाचे 15 हजार. या सेवा याच वर्षी दिल्या गेल्या, म्हणून 90 लाखांच्या उलाढालीतले सुमारे 1 लाख 95 हजार आत येतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी आपल्याकडे सांख्यिकी मंत्रालय उत्पादनावरील करांत धरतं, त्यामुळे तेही जीडीपीच्या आतच राहतं. बाकी रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, एवढंच.

नव्या टॉवरचं गणित निराळं. तिथे बांधकाम मोजलं जातं, पण ताबा मिळाला त्या दिवशी एकदम नाही. जसजसं काम होत जातं तसतसं, वर्षावर्षाने. जमिनीची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन कोणी उत्पादित केलेली नसते. बांधकामाचा एकूण अंदाज मुख्यतः सिमेंट, पोलाद, विटा, लाकूड, फिटिंग्ज असा माल किती वापरला गेला यावरून बांधतात. बिल्डरच्या दरपत्रकावर प्रति चौरस फूट किती लिहिलंय याच्याशी त्या अंदाजाचा फारसा संबंध नाही. ठाण्यात भाव भडकले म्हणून जीडीपी भडकला, असं होत नाही ते यामुळेच.

आता त्याच फ्लॅटमध्ये राहण्याची गोष्ट. एका मजल्यावर 301 आणि 302 असे दोन सारखे टू बीएचके घ्या. 301 मध्ये भाडेकरू आहे, महिना 28,000 भरतो. 302 मध्ये मालक स्वतः राहतो, भाडं कोणालाच देत नाही. जीडीपीच्या हिशोबात दोन्ही घरं सारखीच दिसतात. वर्षाचं भाडं 3,36,000. त्यातून दुरुस्ती वगैरेचे, समजा, 36,000 वजा केले की प्रत्येकी 3 लाखांचं मूल्यवर्धन. 302 चा मालक जणू स्वतःलाच घर भाड्याने देतो असं धरतात. याला मानीव भाडं म्हणू. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणाच्या फायली फिरवलेल्यांना हा 'मानीव' चांगलाच माहीत असतो: प्रत्यक्षात झालेलं नाही, पण झालं असं समजायचं. शहरांत हा आकडा नमुना सर्वेक्षणांतून कळलेल्या भाड्यांवरून आणि जनगणनेतल्या घरांच्या संख्येवरून काढतात. खेड्यात भाड्याचा बाजारच पुरेसा नसतो, म्हणून तिथे घर वापरण्याचा खर्च किती, या पद्धतीने जातात.

हा खटाटोप कशासाठी? तो केला नाही तर आकडा हास्यास्पद होतो. 302 मध्ये आणि तशाच 303 मध्ये स्वतः राहणारे दोन मालक एकमेकांच्या घरात राहायला गेले आणि एकमेकांना 28-28 हजार देऊ लागले, तर कोणाचं राहणं रतीभरही न बदलता जीडीपी वर्षाला सहा लाखांनी वाढेल. दोन देशांची तुलनाही करता येणार नाही, कारण कुठे बहुतेक लोक स्वतःच्या घरात राहतात तर कुठे भाड्याने. (गृहकर्जाच्या हप्त्याचं काय, असंही विचारलं जातं. हप्त्यातली मुद्दल म्हणजे कर्जफेड, उत्पादन नव्हे. व्याजातला बँकेच्या सेवेचा हिस्सा तेवढा बँकेचं उत्पादन ठरतो.)

म्हणजे न दिलेलं भाडं मोजतात. मग न दिलेला पगार का नाही? तुमच्या प्रश्नातली खरी मेख इथे आहे.

301 मध्ये नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. पोळी-भाजीला बाई येतात, महिना 4,500. केर-फरशी-भांड्यांना दुसऱ्या बाई, 3,000. लहान मूल पाळणाघरात, 9,000. मिळून 16,500, वर्षाला 1,98,000. हे सगळं अंतिम खर्चात येतं. घरकामाच्या बाईंची मजुरी तर पूर्णच्या पूर्ण मूल्यवर्धन धरतात, कारण तिच्यातून वजा करावा असा कच्चा माल त्यांनी आणलेला नसतो. 302 मध्ये हीच सगळी कामं घरची बाई करते. पोळ्या तेवढ्याच, फरशी तेवढीच, मूल कदाचित जास्त निवांत. मोजणी मात्र शून्य. तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर आहे. 302 मधल्या बाईंनी 301 चा स्वयंपाक केला, 301 मधल्या बाईंनी 302 चा केला आणि दोघींनी पैसे घेतले, तर तो मोजला जाईल. घरभाड्याच्या बाबतीत जो घोटाळा टाळायला मानीव भाडं आणलं, तोच घोटाळा स्वयंपाकघरात तसाच ठेवला आहे.

हे अनवधानाने राहिलेलं नाही. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने उत्पादनाची हद्द जाणूनबुजून तिथे आखली आणि कारणंही दिली. घरच्या घरी केलेली सेवा त्याच क्षणी वापरून संपते. बाजारावर, करांवर, महागाईवर तिचा परिणाम फारसा होत नाही. तिला विश्वासार्ह किंमत लावणं अवघड आहे. शिवाय ती उत्पादन धरली, तर ती करणारी प्रत्येक व्यक्ती रोजगारात आहे असं मानावं लागेल आणि बेरोजगारीच्या आकड्याला अर्थ उरणार नाही. ही कारणं लेखापालाच्या सोयीची आहेत. ते काम बिनमोलाचं आहे असं त्यातलं एकही कारण म्हणत नाही, आणि वाचणारे नेमकं तेच विसरतात.

हद्दीवर गमतीही आहेत. घरी वापरायला बनवलेली वस्तू तत्त्वतः हद्दीच्या आत असते, घरी केलेली सेवा बाहेर. त्यामुळे उन्हाळ्यात बरणी भरून घातलेलं कैरीचं लोणचं नियमाप्रमाणे उत्पादन ठरू शकतं, कारण फळ टिकवणं हे वस्तूचं उत्पादन आहे. रात्रीची आमटी मात्र ठरत नाही. अर्थात एकूण पुरवठ्याच्या मानाने प्रमाण लक्षात घेण्याजोगं असेल तेव्हाच ते मोजा, असंही नियमावली सांगते, त्यामुळे तुमच्या बरणीपर्यंत कोणी पोचत नाही. आपल्या श्रमबल सर्वेक्षणात फक्त घरकाम करणाऱ्यांना 92 हा संकेतांक देतात. घरकामासोबत सरपण-भाजी-चारा गोळा करणं किंवा घरच्यासाठी शिवणटिपण असेल तर 93. दोन्ही श्रमबलाच्या बाहेर.

समजा 302 मधल्या बाईंनी डबे द्यायला सुरुवात केली. रोज सहा डबे, 100 रुपयाला एक, महिन्याचे 25 दिवस. उलाढाल 15,000. त्यांचं मूल्यवर्धन तेवढं नाही. डब्यामागे भाजी, कणीक, तेल, गॅस मिळून 55 रुपये जात असतील, तर त्यांचे स्वतःचे 45. महिन्याला 6,750, वर्षाला 81,000. उरलेले 55 रुपये जीडीपीबाहेर पडत नाहीत. ते शेतकरी, वाशीच्या बाजारातला व्यापारी, गिरणीवाला, गॅस कंपनी यांच्या नावावर आधीच मोजलेले असतात. पुन्हा धरले तर दुहेरी मोजणी होईल. ग्राहकाने दिलेले 100 आणि साखळीतल्या सगळ्यांच्या मूल्यवर्धनाची बेरीज, अधिक वाटेतले कर आणि आयात केलेला हिस्सा, वजा अनुदानं, हे दोन्ही बाजूंनी जुळायला हवं.

इथे एक बारकावा पाहा. वाशीहून आलेल्या एकाच गोणीतले बटाटे. दोन किलो डब्याच्या भाजीत गेले, दोन किलो घरच्या भाजीत. डब्यातला बटाटा मध्यवर्ती माल, म्हणून डब्याच्या किमतीतून वजा होतो. घरच्या भाजीतला बटाटा अंतिम उपभोग, पूर्ण मोजला जातो, पण त्याच्यावर घातलेली मेहनत सुटते. कढई तीच, हात तेच. फरक इतकाच की ती भाजी विकली गेली की नाही.

आता व्यवहारातली एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. तुम्ही उद्या पोळ्यांना बाई लावलीत तरी प्रत्यक्ष आकड्यात ते दिसणार नाही. तुमच्या घरची नोंद कोणी घेत नाही. घरकामगार, डबेवाले, छोटे दुकानदार अशा असंघटित कामांचा अंदाज हा किती लोक त्या कामात आहेत आणि दर माणशी किती मूल्य, या दोन सर्वेक्षणी आकड्यांच्या गुणाकाराने येतो. 2011-12 हे पायाभूत वर्ष धरलेल्या जीडीपीत सर्वेक्षण वर्षाचा तो आकडा पुढच्या वर्षांत एखाद्या निर्देशकाच्या वाढीने पुढे सरकवत नेत. निर्देशक संघटित क्षेत्राकडून उसना घेतलेला असेल आणि असंघटित क्षेत्र त्याच वेळी खाली बसलेलं असेल, तर आकडा चढाच दिसतो. नोटाबंदीनंतरच्या वाढीवर अभ्यासकांनी घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता. तेव्हा तिमाही आकड्यात असंघटित क्षेत्र वाढलेलं दिसलं, तर ती मोजणी आहे की पुढे सरकवलेला जुना अंदाज आहे, हे आधी पाहावं.

घरकामाला किंमत लावायची झाली तर लावता येते, पण किती फरक पडतो बघा. 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरची विनावेतन कामं करणाऱ्या स्त्रियांनी त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं दिली, अशी कामं करणाऱ्या पुरुषांनी 88. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही. समजा हेच काम बाहेरून करून घ्यायला तासाला 60 रुपये पडतात, म्हणजे मिनिटाला एक रुपया. दिवसाचे 289, वर्षाचे 1,05,485. ही झाली बदली-खर्चाची पद्धत. दुसरी पद्धत विचारते की ती बाई तेवढ्या वेळात बाहेर किती कमावू शकली असती. बी.कॉम. झालेल्या बाईंचा तासाचा दर 150 धरला, तर तेच काम अडीचपट होऊन वर्षाला सुमारे 2,63,700 होतं. म्हणजे पदवीधर बाईंची पोळी निरक्षर बाईंच्या पोळीपेक्षा महाग. या अडचणीमुळे हा हिशोब मुख्य जीडीपीत न मिसळता शेजारी वेगळ्या पूरक लेख्यात मांडणं मला योग्य वाटतं. तिथे तो मांडलाच पाहिजे, हे मात्र खरं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. सुटलेलं सगळं उद्या जमेला धरलं तरी जीडीपी हे सुखसोयीचं माप होणार नाही, कारण जे मोजलं जातं त्यातलंही बरंच काही आपलं नुकसान भरून काढण्यासाठीच असतं.

टँकर घ्या. महापालिकेचं पाणी पुरेसं आलं तर घरटी पाणीपट्टी थोडकी. ते आलं नाही की सोसायटी टँकर मागवते. दहा हजार लिटरचा टँकर 2,500 रुपयांना पडला आणि उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत रोज दोन लागले, तर 60 दिवसांचे 120 टँकर, 3 लाख रुपये. रहिवाशांना मिळालं तेवढंच पाणी, कदाचित कमीच. जीडीपीत टँकरवाल्याचं मूल्यवर्धन मात्र नवीन आलं. महागाईचा परिणाम वगळून काढलेल्या स्थिर किमतींच्या जीडीपीतही हे सुटत नाही, कारण नळाचं पाणी आणि टँकरचं पाणी या दोन वेगळ्या सेवा ठरतात. एकाच सेवेची भाववाढ म्हणून त्याकडे पाहत नाहीत. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र, डासांमुळे आलेलं दवाखान्याचं बिल, हे सगळं याच जातीचं.

वाहतूककोंडीत तर एकाच रस्त्यावर दोन उलटे परिणाम होतात. गायमुखच्या घाटात अडकलेल्या तुमच्या गाडीने शंभर रुपयांचं पेट्रोल जास्त खाल्लं, तर ते अंतिम उपभोगात धरलं जातं. त्यातला कच्च्या तेलाचा बहुतांश भाग आयातीचा असल्याने वजा होतो, पण शुद्धीकरण, वाहतूक, पंपाचं कमिशन आणि कर राहतात. (कर जीडीपीत असतो, मूल्यवर्धनाच्या आकड्यात म्हणजे जीव्हीएत नसतो. दोन्ही वाढीचे दर वेगळे दिसतात तेव्हा बहुधा कर आणि अनुदानांची हालचाल कारणीभूत असते.) उरण बंदरातून भिवंडीच्या गोदामाकडे निघालेला कंटेनर शिळफाट्याला अडकला, तर उलटं होतं. ट्रकचं भाडं ठरलेलं 14,000. डिझेल 4,000 ऐवजी 5,000 चं लागलं. डिझेल इथे मध्यवर्ती खर्च, म्हणून वाहतूकदाराचं मूल्यवर्धन हजाराने घटतं. अंतिम मालाची किंमत तीच राहिली आणि तेलाची आयात तेवढी वाढली, तर जीडीपी किंचित खालीच येतो. कोंडी एकच, खासगी गाडीतून ती वाढ म्हणून दिसते, ट्रकमधून घट म्हणून. तुमचे वाया गेलेले दोन तास दोन्हीकडे कुठेच नाहीत.

जीडीपीच्या नावातल्या 'सकल' या शब्दाकडेही लक्ष द्या. झीज वजा केलेली नाही, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांची चांगली उभी इमारत पाडून पुनर्विकासात टॉवर बांधला, तर नवं बांधकाम पूर्ण मोजलं जातं, पाडलेलं वजा होत नाही. घसारा वजा केला तर निव्वळ उत्पादन मिळतं, पण तो घसारा माणसाने बनवलेल्या मालमत्तेचा. ठाणे खाडी 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, म्हणजे रामसर, पाणथळ आहे, तरी तिच्या काठची तिवरं मेली तर वजाबाकीची रीत मुख्य हिशोबात नाही. तिथे भराव टाकणारा डंपर मात्र बेरजेत असतो.

सरकारी सेवांचं मोजमापही कच्चं आहे. महापालिकेच्या शाळेची शिकवणी विकली जात नाही, म्हणून तिचं उत्पादन म्हणजे तिच्यावरचा खर्च: शिक्षकांचे पगार, वापरलेलं साहित्य आणि इमारतीची झीज. मुलं वाचायला शिकली की नाही यावरून आकडा हलत नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी अमेरिकेत ज्यांनी बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनी 1934 च्या अहवालातच लिहून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधणं कठीण आहे. जीडीपीचं खरं काम वेगळं आहे: कर किती जमतील, कर्ज किती पेलेल, मागणी थंडावली आहे का, हे सांगणं. त्या कामाला तो चांगला आहे आणि त्याची जागा घेणारं दुसरं काही अजून नाही.

घरांची अवस्था पाहायची असेल, तर जीडीपीच्या प्रसिद्धिपत्रकातच स्थिर किमतींना खासगी अंतिम उपभोग खर्च ही ओळ असते. ती माणशी करून पाहा. जीडीपी सात टक्क्यांनी वाढला आणि ही ओळ माणशी दोन टक्क्यांनी, असं दिसलं तर वाढ रस्ते-कारखान्यांत किंवा निर्यातीत आहे, ताटात अजून पोचलेली नाही. तीही सरासरीच, वरच्या दहा टक्क्यांचा खर्च वाढला तरी ती चढते. वाटणीसाठी उपभोग खर्चाचं सर्वेक्षण, वेळेसाठी वेळवापराचं, कामासाठी श्रमबलाचं, अशी वेगवेगळी पानं उघडावी लागतात.

आणि ठाणे जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाचताना एक सावधगिरी. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं तो जिल्ह्याचा आकडा उत्पादन कुठे झालं यावर असतो, कमावणारा झोपतो कुठे यावर नाही. सकाळच्या लोकलने ठाण्याहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्याचं काम तत्त्वतः मुंबईच्या खात्यात जातं, आणि डोकं मात्र ठाण्याच्या लोकसंख्येत मोजलं जातं. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मुंबईहून येणाऱ्यांचं याच्या उलट. त्यात पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचा 'ठाणे जिल्हा' आणि नंतरचा यांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.